पटकथेला जोडायची डिलिव्हरी यादी : यूट्यूब, रील, महोत्सव आणि वाहिनी

सावंतवाडीकर :

नमस्कार. आमच्या लघुपटाची पटकथा पूर्ण झाली असून वाचनाच्या वेळी तिची लांबी साधारण २९ मिनिटे भरली. चित्रीकरण पावसाळा संपल्यावर सुरू होईल. निर्मात्यांनी एक अट घातली आहे. हा लघुपट कुठे, कोणत्या स्वरूपात द्यायचा आहे ते पटकथेच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असावे, म्हणजे छायालेखक, ध्वनिमुद्रक आणि संकलक या तिघांच्याही हातात पहिल्या दिवसापासून एकच कागद राहील. माझा कच्चा मसुदा असा आहे.

- यूट्यूब : ३८४० × २१६०, H.264, सेकंदाला २५ फ्रेम, स्टिरिओ.
- इन्स्टाग्राम : तीन उभे टीझर, १०८० × १९२०, मूळ चित्रीकरणातूनच कापायचे.
- महोत्सव : डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत, २के, इंग्रजी सबटायटल्ससह.
- मराठी वाहिनी : बोलणी चालू आहेत, ठरले तर त्यांच्या नियमांप्रमाणे.
- आवाज : सरासरी पातळी सगळीकडे उणे १४ एलयूएफएस.

यात काय राहिले आहे? आणि यातल्या कोणत्या गोष्टी चित्रीकरणाआधी ठरायलाच हव्यात? बिटरेट वगैरे शेवटी बदलता येतात हे मला ठाऊक आहे. जे शेवटी बदलता येत नाही, त्याची मला काळजी आहे.

शब्दवेल्हाळ :

पटकथा निर्यात करताना सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत करणे. मी एका लेखनस्पर्धेला पटकथा पाठवली होती. माझ्या संगणकावर ती उत्तम दिसत होती, परंतु परीक्षकांकडे सगळे जोडाक्षर सुटून गेले. युनिकोड फॉन्ट वापरावा, पानांना क्रमांक द्यावेत आणि वर्ड फाइल पाठवू नये, असे मी सुचवेन.

सावंतवाडीकर :

शब्दवेल्हाळ, आभार. माझा प्रश्न मात्र पटकथेच्या फाइलबद्दल नाही, तयार झालेल्या चित्रपटाच्या प्रतींबद्दल आहे. अर्थात, आपण सांगितलेली जोडाक्षरांची अडचण आम्हालाही येणार आहे, कारण आमच्या शीर्षकात ‘ऱ्या’ आहे आणि एका दृश्यात मोबाइलवरचा मराठी संदेश पडद्यावर दाखवायचा आहे.

फोरके_रोहन :

एवढा विचार करण्याची गरज नाही. सगळे ४के आणि सेकंदाला ६० फ्रेमने चित्रित करा, म्हणजे पुढे २४, २५, ३० जे हवे ते काढता येईल. जास्त फ्रेम असल्या की कमी करणे सोपे असते. उभ्या टीझरसाठीही ४के उपयोगी पडते. मी लग्नाचे सगळे चित्रीकरण असेच करतो आणि आजवर कोणत्याही प्लॅटफॉर्मने फाइल परत पाठवलेली नाही.

कात्री_आणि_डिंक :

रोहन यांचे ४केबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, त्याकडे नंतर येतो. ६० फ्रेमबद्दलचे मात्र बरोबर नाही. ६० मधून ३० काढताना एक सोडून एक फ्रेम घेता येते. २४ किंवा २५ काढताना असा सरळ भाग जात नाही. मग कधी एक, कधी दोन फ्रेम सोडून पुढची घ्यावी लागते आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळते. शिवाय आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. घरातल्या ट्यूबलाइटच्या किंवा स्वस्त एलईडीच्या प्रकाशात शटर १/६० किंवा १/१२० वर ठेवले की भिंतीवर काळसर पट्टे सरकू लागतात. लग्नाच्या हॉलमध्ये ते दिव्यांच्या माळांत खपून जातात. चुन्याने रंगवलेल्या माजघरात ते लगेच दिसतील.

आता मूळ यादीकडे वळू. तिच्यातली सर्वांत महाग ओळ म्हणजे ‘२५ फ्रेम’ आणि ‘डीसीपी’ या दोन गोष्टींचे एकाच पानावर असणे. डीसीपीच्या जुन्या, म्हणजे इंटरऑप पद्धतीच्या प्रतीत व्यवहारात २४ फ्रेमच चालतात. नव्या, एसएमपीटीई पद्धतीत २५ चालतात आणि आजची बरीच चित्रपटगृहे ती प्रत दाखवू शकतात. तरीही अनेक महोत्सव आपल्या नियमात २४ असेच लिहितात, कारण एका दिवसात वीस चित्रपट दाखवताना त्यांना एकाचीही जोखीम नको असते.

२५ वर चित्रित केलेला चित्रपट २४ वर न्यायचा तर सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे सगळ्या फ्रेम तशाच ठेवून किंचित सावकाश चालवणे. आपलाच हिशेब करून पाहा. २९ मिनिटे म्हणजे १७४० सेकंद, गुणिले २५ म्हणजे ४३,५०० फ्रेम. त्याच फ्रेम २४ च्या गतीने चालवल्या की १८१२.५ सेकंद होतात, म्हणजे ३० मिनिटे साडेबारा सेकंद. ज्या महोत्सवात लघुपटाची मर्यादा ३० मिनिटे आहे, तिथे आपला चित्रपट एकही दृश्य न वाढवता बाहेर पडला. त्याबरोबर आवाजही सुमारे चार टक्के सावकाश होतो आणि दुरुस्ती न केल्यास पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराच्या सुमारे सत्तर टक्के उतरतो. संवादात ते चटकन कळत नाही. पेटीवर गाणे असेल तर कानाला नक्की कळते.

म्हणून पटकथेच्या पानावर पहिली ओळ ही लिहावी : ‘मूळ गती सेकंदाला २४ फ्रेम, शटर १/५०.’ कॅमेऱ्यात शटर अंशांत दाखवत असेल तर १७२.८ अंश. १८० अंश ठेवले तर ते १/४८ होते आणि ५० हर्ट्झच्या दिव्यांशी त्याचा मेळ बसत नाही. यूट्यूब २४ ची फाइल जशीच्या तशी घेते, तिथे काही बदलावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट. कॅमेऱ्याच्या यादीत २३.९८ आणि २४ हे दोन वेगळे पर्याय असतात. मोबाइलच्या काही ॲपमध्ये तर नुसते ‘24’ लिहिलेले असते आणि आत २३.९७६ निघते. पहिल्या दिवशी दहा सेकंदांचा शॉट घेऊन खात्री करून घ्यावी.

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate -of default=nw=1 test.mov
```

उत्तरात `24/1` आले तर खरे २४. `24000/1001` आले तर ते २३.९७६ आहे. दोन्ही ओळींत वेगवेगळे आकडे आले, तर बहुधा मोबाइल गती स्थिर ठेवत नाही आणि लांब शॉटमध्ये ओठ व आवाज एकमेकांपासून सरकतील.

प्रसारण_कक्ष :

मी बरीच वर्षे वाहिनीच्या तांत्रिक तपासणी विभागात काम केले, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आपल्याकडच्या वाहिन्यांचे प्रसारण सेकंदाला २५ फ्रेमच्या चौकटीत चालते. बहुतेक ठिकाणी १९२० × १०८०, इंटरलेस्ड, ५० फील्ड अशीच फाइल मागतात. २४ वर बनवलेला चित्रपट आला की तो २५ वर पळवतात. २९ मिनिटांचा चित्रपट मग २७ मिनिटे ५० सेकंदांचा होतो आणि आवाज थोडा चढतो. हे काम नीट केले तर तक्रार येत नाही. परंतु निर्माता घाईत असेल तर संकलन-सॉफ्टवेअरमध्ये २४ ची टाइमलाइन सरळ २५ म्हणून निर्यात करतो. सॉफ्टवेअर मग दर सेकंदाला एक फ्रेम दोनदा टाकते. सेकंदागणिक तो ठराविक झटका दिसला की आम्ही फाइल परत करत असू.

त्यामुळे माझे मत असे की, वाहिनीचे पैसे नक्की असतील तर २५ हेच मूळ ठेवावे आणि महोत्सवाला एसएमपीटीई पद्धतीची २५ ची डीसीपी चालेल का हे आधीच पत्राने विचारावे.

कात्री_आणि_डिंक :

काका, आपला मुद्दा मान्य आहे, पण ‘बोलणी चालू आहेत’ हे नक्की पैसे नव्हेत. शिवाय २४ वरून २५ वर जाताना लांबी घटते, २५ वरून २४ वर येताना वाढते. मर्यादेच्या काठावर उभा असलेला चित्रपट घटलेला परवडतो.

प्रसारण_कक्ष :

लांबीपुरते बरोबर आहे. संगीताच्या बाबतीत दोन्हीकडे नुकसान सारखेच.

स्वरांकन :

मी ध्वनी करते. यादीतली ‘सगळीकडे उणे १४’ ही ओळ कृपया आजच खोडावी.

उणे १४ एलयूएफएस हा आकडा यूट्यूबच्या संदर्भात फिरत असतो. यूट्यूब त्यापेक्षा मोठा आवाज खाली आणते, लहान आवाज मात्र वर नेत नाही. वाहिन्यांकडे युरोपीय मापानुसार उणे २३ मागण्याची पद्धत आहे, परंतु प्रत्येक वाहिनीचा कागद वेगळा असतो आणि तोच प्रमाण मानावा. चित्रपटगृहात तर एलयूएफएसवर मिश्रण करतच नाहीत. तिथे ठरलेल्या पातळीवर जुळवलेल्या खोलीत, ठरलेल्या फेडरवर ऐकून मिश्रण करतात. यूट्यूबसाठी दाबून मोठा केलेला स्टिरिओ ट्रॅक डीसीपीत टाकला की पहिल्याच दृश्यात प्रेक्षक दचकतात. मग प्रोजेक्टरवाला फेडर खाली ओढतो. तुमच्या पुढच्या शांत दृश्यातली कुजबुज त्याबरोबर नाहीशी होते आणि त्या कुजबुजीत कथेचा धागा असेल तर प्रेक्षक तो गमावून बसतात.

म्हणून पटकथेच्या पानावर आकडा नको, साहित्य लिहा. संवाद, संगीत आणि इतर आवाज हे तीन गट शेवटपर्यंत वेगळे राहिले पाहिजेत, प्रत्येकाची ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची फाइल हवी, आणि सगळ्यांची सुरुवात चित्राच्या पहिल्या फ्रेमला जुळलेली हवी. हे असले की यूट्यूब, वाहिनी आणि चित्रपटगृह या तिन्हींसाठी वेगवेगळे मिश्रण करता येते. चित्रीकरणाच्या वेळी याचा अर्थ असा की, रेडिओवर गाणे लागले आहे असे पटकथेत असेल, तर ते गाणे शॉट चालू असताना वाजवू नये. एकदा ते संवादात मिसळले की कोणत्याही गटात बसत नाही, आणि त्या गाण्याचे हक्क नसतील तर यूट्यूबवर त्यावर दावा लागतो तो वेगळाच.

तयार फाइल मोजायची असेल तर ही आज्ञा पुरेशी आहे.

```
ffmpeg -i film.mov -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी येणाऱ्या सारांशात `I:` समोर सरासरी पातळी आणि `Peak:` समोर सर्वोच्च टोक दिसते. समजा पातळी उणे २० आली आणि टोक उणे १.५ वर आहे. यूट्यूबवर हा चित्रपट चढवला, व्हिडिओवर उजवी टिचकी मारून `Stats for nerds` उघडले, तर `content loudness` समोर उणे ६ च्या आसपास आकडा दिसेल. म्हणजे चित्रपट इतर व्हिडिओंपेक्षा सहा डेसिबलने लहान ऐकू येणार. सहा डेसिबल सरळ वाढवायला वर जागा नाही, टोके कापली जातील. त्यामुळे संवादाचा गट थोडा वर, पावसाचा थोडा खाली असे नवे मिश्रण करावे लागते, आणि त्यासाठीच गट वेगळे हवेत. मी स्वतः कथापटाला यूट्यूबवरही उणे १६ ते १८ च्या दरम्यान ठेवते. शांततेसाठी तेवढी किंमत मोजायला हरकत नाही, असे मला वाटते.

फोरके_रोहन :

पण मोबाइलवर कोणी इतके बारीक ऐकत नाही. उणे १८ ठेवले तर लोक ‘आवाज कमी आहे’ असे खाली लिहितात.

स्वरांकन :

लिहितात, हे खरे आहे. टीझर उणे १४ च्या जवळ ठेवावेत, ते गर्दीत पाहिले जातात. मूळ चित्रपटाबद्दल माझे मत बदलत नाही.

सावंतवाडीकर :

हे सगळे अत्यंत उपयोगी आहे. आता उभ्या टीझरबद्दल. एक मुख्य दृश्य असे आहे की, ओसरीवरच्या झोपाळ्याच्या एका टोकाला आजी आणि दुसऱ्या टोकाला नातू बसलेला आहे आणि दोघांत जवळजवळ संवाद नाही. निर्मात्यांना हाच टीझर हवा आहे. ४के मध्ये चित्रित केले म्हणजे प्रश्न सुटेल का?

कात्री_आणि_डिंक :

पिक्सेलचा प्रश्न सुटेल, चौकटीचा नाही. ३८४० × २१६० च्या चित्रातून नऊ-सोळाचा उभा तुकडा कापला तर तो १२१५ × २१६० इतका निघतो, आणि टीझरला १०८० × १९२० पुरतात. १९२० × १०८० मधून कापला असता तर रुंदीला जेमतेम ६०७ पिक्सेल उरले असते आणि चेहरा मऊ पडला असता. इथपर्यंत रोहन यांचे बरोबर आहे.

परंतु दोन्ही वेळा तुम्ही रुंदीचा तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी भाग घेत आहात. झोपाळ्याची दोन टोके त्यात मावणार नाहीत. आजी दिसली तर नातू गेला. मध्ये कापले तर रिकामी फळी आणि दोन्ही बाजूंना अर्धे गुडघे. उपाय दोनच आहेत. एक तर त्या दृश्याचा उभा शॉट वेगळा घ्यावा, झोपाळ्याच्या बाजूने, म्हणजे आजी जवळ आणि नातू तिच्यामागे दूर असे एकाच अरुंद चौकटीत येतील. किंवा आजी आणि नातू यांचे स्वतंत्र शॉट घेऊन टीझरमध्ये एकामागून एक जोडावेत. दोन्हींसाठी चित्रीकरणाच्या दिवशी वेळ राखावा लागतो. म्हणून पटकथेतच त्या दृश्याच्या समासात ‘उभा शॉट वेगळा’ असे लिहून ठेवा. ज्या दृश्यांतून टीझर निघणार नाहीत तिथे काही लिहू नका, नाहीतर छायालेखक प्रत्येक शॉट मध्यभागी कोंबू लागेल आणि मूळ चित्रपटाची रचना बिघडेल.

रीलवर खालच्या बाजूला खात्याचे नाव, मजकूर आणि उजवीकडे बटणे येतात. मेटा स्वतःच्या जाहिरातदारांना वरचा सुमारे १४ टक्के आणि खालचा सुमारे ३५ टक्के भाग मोकळा ठेवायला सांगते. १९२० च्या उंचीत खालचे ६७० पिक्सेल म्हणजे थोडेथोडके नाहीत. आजीचे हात, सबटायटल, शीर्षक यांतले काहीही तिथे ठेवू नये. शिवाय २०२५ पासून प्रोफाइलच्या जाळीत चौकोनाऐवजी तीन-चारचा उभा तुकडा दिसतो, म्हणून मुखचित्रावरचे शीर्षक मध्यावर ठेवावे.

बे_एरियाची_माई :

आमच्या महाराष्ट्र मंडळात आम्ही दरवर्षी भारतातून आलेले लघुपट दाखवतो. शाळेचे सभागृह असते, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर. डीसीपी आली तर आमच्याकडे ती चालवायला काहीच नसते. एकदा आलेल्या फाइलमध्ये कॅमेरा शेतावरून फिरताना चित्र सारखे अडखळत होते, आणि दिग्दर्शक म्हणत होते की त्यांच्याकडे व्यवस्थित दिसते. हे कशामुळे? आणि अशा प्रदर्शनासाठी यादीत वेगळी ओळ हवी का?

प्रसारण_कक्ष :

माई, तिकडचे पडदे बहुधा ६० हर्ट्झवर चालतात आणि फाइल बहुधा २५ ची असावी. ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा दिसतात. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय दिसतो का पाहा. प्रोजेक्टर ते स्वीकारत असेल तर अडखळणे थांबेल. २४ ची फाइलही ६० वर थोडी अडखळतेच, पण एक आड एक दोन-तीन अशा नियमित क्रमाने, आणि डोळ्यांना त्याची सवय असते.

कात्री_आणि_डिंक :

वेगळी ओळ हवीच. ‘मंडळ प्रत : १९२० × १०८०, H.264, MP4, इंग्रजी सबटायटल्स चित्रात कोरलेली, आवाज स्टिरिओ.’ तिथे ५.१ पाठवू नये. काही लॅपटॉपवर त्यातला मधला चॅनेल, म्हणजे सगळा संवाद, अगदी बारीक होऊन बाहेर येतो.

आता मराठी अक्षरांबद्दल. शीर्षक आणि मोबाइलवरचा संदेश असलेल्या शॉटच्या दोन प्रती ठेवा, एक मजकुरासह आणि एक मजकुराशिवाय. संदेश प्रत्यक्ष मोबाइलवर दिसणार असेल तर तो पडदा कोरा ठेवूनही एकदा शॉट घ्यावा. उभ्या टीझरमध्ये तो मजकूर हलवावा लागेल आणि इंग्रजी प्रतीत त्याच्याखाली भाषांतर बसवावे लागेल.

‘ऱ्या’साठी शीर्षक तयार झाल्याबरोबर, चित्रीकरण संपण्याची वाट न पाहता, संकलकाच्या संगणकावर टाकून पाहा. संकलन-सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भारतीय लिपींसाठीची व्यवस्था वेगळी निवडावी लागते. ती निवडली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे बसते आणि जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेली अक्षरे दिसतात. ती निवडूनही काही फॉन्टमध्ये ‘ऱ्या’चा अर्धा र उमटत नाही आणि नुसताच रफार चढतो. मी शीर्षक नेहमी पारदर्शक चित्र म्हणून आणून ठेवतो. सबटायटलची फाइल `UTF-8` मध्येच जतन करावी. आणि डीसीपीत कधी मराठी सबटायटल्स द्यायची वेळ आली तर ती चित्रात कोरूनच द्यावीत, कारण चित्रपटगृहाचा सर्व्हर देवनागरी अक्षरे नीट जुळवील यावर माझा भरवसा नाही.

पुनर्वसु :

पटकथेत कोणी तंबाखू मळतो का, विडी ओढतो का? कोणी विचारले नाही म्हणून विचारतो.

सावंतवाडीकर :

हो, आजोबा दोन दृश्यांत तंबाखू मळतात. ते पात्राचा भागच आहे.

पुनर्वसु :

मग ती दोन दृश्ये यादीत आलीच पाहिजेत. चित्रपटगृहात प्रदर्शित करायचे असेल तर सुरुवातीला आणि मध्ये ३० सेकंदांच्या आरोग्यविषयक फिती, २० सेकंदांची दृक्‌श्राव्य सूचना आणि तंबाखू दिसत असेपर्यंत खाली ठळक इशारा, असे नियम आहेत. १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवरच्या मालिका-चित्रपटांनाही तसेच नियम लागू झाले आहेत. इशारा चित्राच्या तळाशी येतो आणि इंग्रजी सबटायटल्सही तिथेच असतात. त्या दोन दृश्यांत सबटायटल वर न्यावे लागते, तेव्हा छायालेखकाने आजोबांचे हात अगदी तळाशी ठेवू नयेत. शिवाय इशारा नसलेली स्वच्छ प्रत जपून ठेवावी, परदेशातल्या महोत्सवांना तीच लागते.

फोरके_रोहन :

स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर टाकणाऱ्याला हे कुठे लागू होते? हजारो लघुपट इशाऱ्याशिवाय आहेत.

पुनर्वसु :

ओटीटीचा नियम ‘ऑनलाइन क्युरेटेड’ मजकुराच्या प्रकाशकांसाठी लिहिलेला आहे. व्यक्तीने स्वतः चढवलेला लघुपट त्यात मोडतो की नाही, यावर वकिलांचीही मते वेगळी पडताना मी ऐकली आहेत. मी इशारा टाकतो, कारण पुढे तोच चित्रपट एखाद्या ओटीटीने घेतला तर पुन्हा निर्यात करावी लागत नाही.

सावंतवाडीकर :

सर्वांचे आभार. पान नव्याने लिहिले आहे आणि ते प्लॅटफॉर्मऐवजी पटकथेच्या दृश्यांच्या क्रमाने लावले आहे. सर्वांत वर ‘२४ फ्रेम, शटर १/५०, ३८४० × २१६०, पहिल्या दिवशी चाचणी शॉट तपासणे’ ही ओळ आहे. झोपाळ्याच्या दृश्यासमोर ‘उभा शॉट वेगळा, ओसरीच्या कडेने’ असे लिहिले आहे. मोबाइलच्या दृश्यासमोर ‘कोऱ्या पडद्याचा शॉट’, तंबाखूच्या दोन्ही दृश्यांसमोर ‘तळ मोकळा’ आणि रेडिओच्या दृश्यासमोर ‘गाणे नंतर’. आवाजाच्या ओळीतून आकडा काढला असून तीन गटांची नावे लिहिली आहेत. निर्यातीचे आकडे पानाच्या मागच्या बाजूला गेले आहेत, कारण ते फक्त संकलकाला लागतील.

वाहिनीला काल पत्र पाठवून त्यांचा तांत्रिक कागद मागितला आहे. त्यांनी २५ चाच आग्रह धरला आणि करार चित्रीकरणाआधी झाला, तर पहिली ओळ पुन्हा उघडावी लागेल. तोवर एक शंका उरते. आरोग्यविषयक फिती आणि सूचना मिळून सुरुवातीला ५० आणि मध्ये ५० सेकंद होतात. महोत्सवाची ३० मिनिटांची मर्यादा मोजताना ही लांबी धरतात की नाही?

पुनर्वसु :

मी पाठवलेल्या दोन महोत्सवांपैकी एकाने धरली होती आणि एकाने नाही. प्रवेशअर्ज भरण्याआधी लेखी विचारावे, आणि स्वच्छ प्रतीची लांबी वेगळी कळवावी.

शब्दवेल्हाळ :

हे पान पटकथेच्या पीडीएफलाच जोडणार असाल, तर त्यातही फॉन्ट अंतर्भूत करायला विसरू नका.